दोन स्ट्राइकच्या मधली तेजी

निफ्टी वर जाईल असं वाटतं, म्हणून कॉल विकत घ्यायचा. ऑप्शनमध्ये उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो. अंदाज बरोबर येतो, निफ्टी वर जातोही, आणि तरी एक्सपायरीला खात्यात तोटाच दिसतो. भरलेला प्रीमियम वसूल होण्याइतकी ती चाल मोठी नसते. व्हर्टिकल स्प्रेड या नेमक्या दुखण्यावर काम करतो. एकच एक्सपायरी, एकाच प्रकारचे दोन ऑप्शन, स्ट्राइक वेगवेगळ्या; एक घ्यायचा, दुसरा विकायचा. त्यातला तेजीसाठीचा बुल कॉल स्प्रेड इथे सविस्तर पाहू.

आकड्यांत मांडणी

समजा निफ्टी 25,000 वर आहे आणि एक्सपायरीला वीसेक दिवस आहेत. 25,000 चा कॉल 330 रुपयांना मिळतोय, 25,400 चा कॉल 150 ला विकला जातोय. लॉट 75 चा धरू. एनएसई तो अधूनमधून बदलत असतं, त्यामुळे सौदा करताना चालू आकार पाहून घ्यावा.

नुसता 25,000 चा कॉल घेतला तर 24,750 रुपये जातात आणि निफ्टी 25,330 च्या वर गेल्याशिवाय एक रुपयाही सुटत नाही. सोबत 25,400 चा कॉल विकला की 150 रुपये परत हातात येतात. निव्वळ खर्च 180 रुपये, म्हणजे लॉटमागे 13,500. निफ्टी कितीही कोसळला तरी एक्सपायरीला तोटा एवढाच. ना नफा ना तोटा हा बिंदूही 25,180 वर उतरतो. बदल्यात 25,400 च्या वरची तेजी आपण विकून टाकलेली असते. दोन स्ट्राइकमधलं अंतर 400, त्यातून 180 गेले, उरले 220. जास्तीत जास्त नफा 16,500 रुपये.

आता एक्सपायरीला निफ्टी 25,200 वर बंद झाला असं धरा. नुसता कॉल घेणाऱ्याला 200 रुपये मिळाले आणि त्याने 330 भरले होते, म्हणजे 9,750 चा तोटा. स्प्रेडवाल्याला दीड हजाराचा नफा. 25,400 वर बंद झाला तर पहिल्याला 5,250 आणि दुसऱ्याला पूर्ण 16,500. नुसता कॉल पुढे निघतो तो 25,550 नंतर, म्हणजे विकलेल्या स्ट्राइकमध्ये मिळालेला प्रीमियम मिळवल्यावर. स्प्रेड लावण्याआधी हा आकडा काढावाच. वीस दिवसांत निफ्टी साडेपाचशे अंशांच्या पुढे जाईल असं खरोखर वाटत असेल, तर स्प्रेड तुमच्यासाठी नाही.

विकायची स्ट्राइक कशी निवडावी

अनेक जण स्वस्त पडावा म्हणून अगदी जवळची स्ट्राइक विकतात. 25,000 आणि 25,100 चा स्प्रेड पन्नासेक रुपयांत होतो खरा, पण शंभरातले उरलेले पन्नास एवढीच कमाई. लावताना दोन आणि मोडताना दोन अशा चार ऑर्डर पडतात. दलाली, कर आणि प्रत्येक वेळी खरेदी-विक्रीच्या भावातला फरक त्यातला बराच भाग खाऊन टाकतात. उलट 26,000 चा कॉल विकला तर मिळणारा प्रीमियम इतका किरकोळ असतो की खर्च फारसा कमी होतच नाही. माझ्या मते आपलं उद्दिष्ट जिथे आहे, तिथलीच स्ट्राइक विकावी. चार्टवर 25,400 ला अडथळा दिसत असेल, तर त्याच्या वरची तेजी विकण्यात काहीच गमावत नाही.

नफा सावकाश पिकतो

स्प्रेड लावून पाचच दिवसांत निफ्टी 25,400 वर पोहोचला. नवखा माणूस खातं उघडतो तेव्हा त्याला 16,500 दिसायला हवे असतात, दिसतात साधारण साडेसहा हजार. कारण पंधरा दिवस शिल्लक आहेत. 25,000 चा कॉल 550 च्या आसपास गेलाय, पण विकलेला कॉलही 285 पर्यंत चढलाय. दोघांतला फरक 265. त्यातून आपले 180 वजा केले की 85 रुपये उरतात. त्याच दिवशी नुसता कॉल घेतलेल्या माणसाला 220 रुपयांचा नफा दिसत असतो. विकलेल्या कॉलमधली वेळेची किंमत विरघळेल तसा आपला उरलेला नफा मिळत जातो, तोही निफ्टी 25,400 च्या वर टिकून राहिला तरच. झपाट्याच्या चालीसाठी हे हत्यार थंड आहे.

या थंडपणाची दुसरी बाजूही आहे. निफ्टी जागेवरच घुटमळत राहिला तर नुसता कॉल रोज झिजतो. स्प्रेडमध्ये विकलेला कॉलही झिजत असल्याने ती झीज बरीच भरून निघते. अस्थिरता अचानक उतरते, जसं अर्थसंकल्पाच्या किंवा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हाही दोन्ही प्रीमियम एकदम पडतात आणि घाव निम्म्याहून कमी बसतो.

आधी घ्या, मग विका, मोडताना उलट

विकलेला कॉल एकटा असेल तर ब्रोकर लाखाच्या वर मार्जिन मागतो. म्हणून आधी 25,000 चा कॉल घ्यायचा आणि तो हाती आला की 25,400 चा विकायचा. मोडताना विकलेला आधी परत घ्यायचा, मग आपला विकायचा. हा क्रम चुकला आणि बाजार वर उसळला, तर त्या काही सेकंदांपुरती तोट्याला मर्यादा नसते.

क्रम पाळला तरी जोखीम आणि अडकणारी रक्कम एक नसते. तोटा 13,500 पुरता बांधलेला असला तरी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर कराराच्या किमतीच्या 2 टक्के एक्सपोजर मार्जिन लागतंच, आणि ते इथे साडेसदतीस हजारांच्या घरात जातं. 20 नोव्हेंबर 2024 पासून एक्सपायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर आणखी 2 टक्के लागतात. त्या सकाळी खात्यात तेवढी मोकळी रक्कम नसेल तर नफ्यातला स्प्रेडही घाईने मोडावा लागतो.

मंदीसाठी आणि शेअरमध्ये

मंदीचा अंदाज असेल तर हीच रचना पुटमध्ये करायची: वरच्या स्ट्राइकचा पुट घ्यायचा, खालचा विकायचा. हिशेब तोच.

शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र एक सापळा आहे. निफ्टीचा हिशेब रोखीत मिटतो, शेअरमध्ये ऑक्टोबर 2019 पासून प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. शेअर दोन्ही स्ट्राइकच्या वर बंद झाला तर घेणं आणि देणं एकमेकांत वजा होतं. तो दोघींच्या मध्ये बंद झाला तर विकलेला कॉल शून्य होतो आणि आपला कॉल जिवंत राहतो. 1,400 ची स्ट्राइक आणि 500 शेअरचा लॉट असेल तर डिलिव्हरीसाठी सात लाख रुपये उभे करावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी शेअर पडला तर तो तोटा स्प्रेडच्या कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो. एक्सपायरीच्या आधीच्या चार दिवसांत नफ्यातल्या खरेदी केलेल्या ऑप्शनवर डिलिव्हरी मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढत जातं. शेअरमधला स्प्रेड ती वाढ सुरू होण्याआधीच दोन्ही बाजूंनी मोडावा.