दाणे भरलेत हे कसं ओळखायचं?

पश्चिम बंगालमधल्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात काही गावांच्या हापशांवर पोलादाची एक उंच नळकांडी टाकी बसवलेली दिसते. हापसा मारला की पाणी आधी टाकीच्या डोक्यावर चढतं, तिथे हवेत शिंपडलं जातं, आतल्या दाण्यांच्या थरातून खाली झिरपतं आणि तोटीला येतं. ना वीज, ना रोज घालायचं रसायन. शिबपूरचं बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज आणि अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे प्राध्यापक अरूप सेनगुप्ता यांनी १९९७ पासून अशा टाक्या गावोगावी बसवल्या. सुरुवातीला आत ॲल्युमिनाचे दाणे असत. पुढे लोह-हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण पोटात मुरवलेले रेझिनचे दाणे आले.

हे सगळं आर्सेनिकसाठी. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना १९८३ मध्ये या विषबाधेचे रुग्ण पहिल्यांदा ओळखता आले. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातल्या लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे जिवाणू ते लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. म्हणून तिथल्या हापशाच्या पाण्यात आर्सेनिकसोबत लोहही भरपूर येतं. आपल्या शेजारी, गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही आर्सेनिक आहे, पण तिथे ते कठीण खडकातून येतं; गोष्ट वेगळी.

टाकीत याच क्रियेची उलट बाजू घडवून आणतात. हवा लागताच पाण्यातलं लोह तांबूस गाळ होऊन वरच्या थरात अडकतं आणि जाताजाता थोडं आर्सेनिकही ओढून घेतं. उरलेलं आर्सेनिक खालच्या दाण्यांमधल्या लोहाशी थेट रासायनिक बंध करून बसतं. अशा बसायच्या जागा मोजक्याच असतात. एसटीत पुढच्या बाकांपासून जागा भरत मागे जाव्यात तसे वरचे दाणे आधी भरतात आणि भरलेला पट्टा हळूहळू खाली सरकतो. त्यातून फॉस्फेट आणि सिलिकेटही त्याच जागांवर हक्क सांगतात. बंगालच्या पाण्यात दोन्ही असतात, म्हणून कंपनीच्या पत्रकात दाण्यांचं जे आयुष्य छापलेलं असतं ते गावात क्वचितच मिळतं.

मग दाणे भरलेत हे ओळखायचं कसं? आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नाही. दाणे पूर्ण भरलेल्या टाकीतूनही पाणी स्वच्छ आणि गोड येतं, कारण लोह वरच्या थरात अडकतच राहतं. लोक पाणी चांगलं की वाईट हे डाळ काळी पडते का, कपडे पिवळे होतात का, यावरून ठरवतात. ती खूण लोहाची आहे, आर्सेनिकची नाही.

दुसरी फसवी खूण धारेची. धार बारीक झाली की दाणे संपले असं वाटतं. प्रत्यक्षात लोहाच्या गाळाने थर तुंबलेला असतो. दहा-पंधरा मिनिटं खालून वर उलट पाणी सोडून बॅकवॉश केला की तांबडं पाणी बाहेर पडतं आणि धार पुन्हा मोठी होते. हे रोज करायला हवं. पण याने फक्त गाळ निघतो. लोहाला बांधलेलं आर्सेनिक हलत नाही. बॅकवॉशनंतरच्या भरघोस धारेमुळे टाकी नव्यासारखी झाल्याचा समज होतो, आणि माझ्या मते खरा धोका याच समजात आहे.

तारखेवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण दाणे दिवसांनी नव्हे, लिटरने भरतात. एक टाकी हिशेबाला घेऊ. आत १०० लिटर दाणे, दोनशे कुटुंबं, प्रत्येकी २० लिटर, म्हणजे दिवसाला ४,००० लिटर. दाण्यांच्या आकारमानाच्या दहा हजार पट, म्हणजे दहा लाख लिटर पाणी त्यातून नीट निघेल असं धरलं, तर टाकी २५० दिवस चालेल. पण शेजारच्या पाड्याचा हापसा बिघडला आणि वापर दीडपट झाला, तर तोच आकडा साडेपाच महिन्यांवर येतो. म्हणून तोटीवर पाण्याचं मीटर असावं आणि वहीत दर आठवड्याचा आकडा लिहावा.

लिटरचा हिशेब अंदाज देतो, निकाल देत नाही. निकालासाठी टाकीच्या अर्ध्या उंचीवर एक छोटी तोटी लागते. मधल्या तोटीच्या पाण्यात आर्सेनिक दिसू लागलं की वरचा अर्धा थर कामातून गेला. समजा, हे १२० व्या दिवशी, ४ लाख ८० हजार लिटरनंतर घडलं. खालचा अर्धा थर तितकंच पाणी साफ करेल असं वाटणं साहजिक आहे, पण तसं धरू नये. आर्सेनिक पोचण्याआधीच सिलिकेट पुढे जाऊन खालच्या जागा थोड्याफार अडवून बसलेलं असतं. म्हणून त्या दिवसापासून शेवटच्या तोटीची तपासणी महिन्याऐवजी पंधरवड्याला करायची.

नमुना घेण्यातही एक खाच आहे. रात्रभर टाकी स्थिर राहिली की आतल्या पाण्याला दाण्यांशी भरपूर वेळ मिळतो आणि सकाळचं पहिलं पाणी खऱ्यापेक्षा चांगलं निघतं. त्यामुळे आतलं जुनं पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत हापसा मारायचा आणि मगच बाटली धरायची.

गावातली चाचणी अशी: बाटलीत ठरल्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, आम्लाची पूड आणि मग जस्ताची पूड टाकून लगेच टोपण लावायचं. टोपणात मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी फसफसतं, आर्सेनिकचा आर्सिन वायू होऊन वर येतो आणि पट्टीवर पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. हा वायू विषारी, म्हणून काम मोकळ्या हवेत. डाग मात्र सावलीत तक्त्याशी जुळवायचा. पाण्यात गंधकाचा वायू असेल तर तोही पट्टी रंगवतो, त्यासाठी आधी एक वेगळी पूड घालतात. ५० मायक्रोग्रॅमचा डाग कुणालाही कळतो. पण भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि तिथला फिकट पिवळा दोन माणसं दोन तऱ्हेने वाचतात. म्हणून फिकट डाग दिसला की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणायचं.

आकडा हळूहळू चढत १० ला टेकला तर दाणे भरले. अचानक उडी मारली तर आधी थरात चीर पडल्याचा संशय घ्यावा, कारण पाणी दाण्यांना न शिवता तिथूनच उतरतं. नीट बॅकवॉश करून पुन्हा तपासायचं. आकडा खाली आला तर चीर होती, नाही आला तर दाणेच संपले. मधली तोटी स्वच्छ आणि शेवटची खराब असेल तर दोष बहुधा गळक्या व्हॉल्व्हचा.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण २४ परगण्यातल्या बारुईपूरला अकरा उत्पादकांची एकोणीस संयंत्रं दोन वर्षं तपासली गेली. एकाही संयंत्राला १० मायक्रोग्रॅमच्या आत सातत्याने राहता आलं नाही. अशा ठिकाणी दाणे चांगले की वाईट यापेक्षा ते केव्हा बदलले आणि ते कुणी ठरवलं, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

भरलेले दाणे फेकून देत नाहीत. रेझिनचे दाणे कॉस्टिक सोडा आणि मिठाच्या द्रावणाने धुतले की आर्सेनिक सुटतं आणि तेच दाणे पुन्हा वापरता येतात. सुटलेलं आर्सेनिक लोहाच्या गाळात बांधून हवा खेळती राहील अशा जाड वाळूच्या थरावर ठेवतात. तो गाळ खड्ड्यात पुरायचा नाही, कचऱ्याच्या ढिगातही टाकायचा नाही. तिथे प्राणवायू संपतो, लोह विरघळतं आणि आर्सेनिक पुन्हा पाण्यात उतरतं.