लोबुचेची डोकेदुखी: साधी की धोक्याची?

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरील लोबुचे येथे, सुमारे 4,900 मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असल्याने चढताना धाप लागते. मात्र थांबल्यावर ती ओसरते.

डोकेदुखीसोबत मळमळ किंवा थकवा असल्यास तो विरळ हवेचा सौम्य आजार समजावा व लक्षणे शमेपर्यंत अधिक उंची गाठू नये.

स्वस्थ बसूनही धाप लागणे हे फुफ्फुसांत पाणी साचल्याचे, तर टाचेला पुढचे पाऊल भिडवत सरळ रेषेत चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असते. अशा रुग्णाला सकाळची वाट न पाहता, सोबत देऊन, सुमारे 500 मीटर खालच्या फेरिचेकडे उतरवावे आणि लक्षणे न ओसरल्यास आणखी खाली न्यावे.