तोरण कडेला, पैठणी मधोमध

दिवाळी जवळ आली की पुण्याच्या लक्ष्मी रोडवर कापडदुकानांचे सेलचे फ्लेक्स झळकू लागतात. पणत्या आणि झेंडू त्यांवर हमखास असतात. प्रश्न असतो तो त्यांना जागा किती द्यायची याचा.

समजा, फलक 10 फूट रुंद, 4 फूट उंच आहे आणि विकायची आहे जांभळी पैठणी. झेंडूचं तोरण वरच्या कडेला, फार तर 8 इंच उंचीचं असावं. बाजूच्या माळा खाली येताना विरळ व्हाव्यात आणि पणत्या खालच्या दोन कोपऱ्यांतच राहाव्यात. मधल्या फिक्या, मोकळ्या जागेत साडी आणि शेजारी सवलतीचा एकच मोठा आकडा.

केशरी फुलांमुळे जांभळा रंग उठून दिसतो. साडी पिवळी असेल तर मात्र तिचे काठ झेंडूत हरवतात. अशा वेळी माळेत आंब्याची पानं वाढवावीत आणि फुलं थोडी धूसर करावीत.

फ्लेक्स लाकडी चौकटीवर ताणताना त्याची कड मागे दुमडली जाते. म्हणून चारही बाजूंना जादा जागा सोडावी लागते, नाहीतर तोरण अर्धं कापलं जातं. छपाईआधी हे चित्र मोबाईलवर अंगठ्याएवढं करून पाहावं. साडीआधी दिवेच नजरेत भरले, तर पणत्या लहान करायच्या.