सागाच्या खोडातला दुष्काळ

पानझडीच्या जंगलात साग उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळून मोकळा होतो आणि त्याच्या खोडाची वाढ थांबते. पाऊस जवळ आला की पालवी फुटते. मग सालीच्या आत नवे लाकूड तयार होऊ लागते आणि त्याची सुरुवात मोठमोठ्या रंध्रांच्या ओळीने होते. गुळगुळीत कापलेल्या चकतीवर ही रंध्रे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. पाऊस ओसरत जातो तसे लाकूड दाट होते. रंध्रांची एक ओळ आणि पुढचा दाट पट्टा मिळून एका वर्षाचे वलय.

उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांत हा हिशेब इतका स्पष्ट उमटतो. म्हणूनच बर्लागे या डच हवामानतज्ज्ञाने 1931 मध्ये जावा बेटावरच्या सागावरून 1514 ते 1929 असा सलग वलयक्रम मांडला. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे परिसरातल्या सागाचा अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागावरून 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची मालिका उभी केली.

अरुंद वलय म्हणजे दुष्काळ, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. झाडाला कीड लागली, वणव्याची झळ बसली किंवा शेजारच्या झाडाने ऊन अडवले तरी वलय अरुंद होते. त्यामुळे एकाच रानातली अनेक झाडे तपासावी लागतात. उभ्या झाडाच्या खोडातून पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात. सागाचा बुंधा मात्र खाचखळग्यांचा असतो आणि काही वलये एका बाजूला येऊन विरतात. अशा वेळी तोडलेल्या झाडाच्या बुडख्याची पूर्ण चकती जास्त भरवशाची. ती बारीक पॉलिश पेपरने घासून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

मोजणीपेक्षा जुळणी जास्त महत्त्वाची. अरुंद वलयांचा क्रम, समजा एक अरुंद, मग तीन रुंद, मग लागोपाठ दोन अरुंद, सगळ्या झाडांत त्याच वर्षांना आला पाहिजे. एखाद्या चकतीत तो अमुक ठिकाणापासून एका वर्षाने सरकला, तर तिथे एक वलय गायब आहे किंवा खोटे वलय मोजले गेले आहे. वळवाने साग जागा झाला, मग पावसाने ओढ दिली आणि वाढ खुंटली, की एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. खोट्या वलयाची कड बहुधा पुसट असते आणि खोडाभोवती पूर्ण फिरत नाही. ही जुळणी नीट झाली नाही तर पुढची सगळी आकडेमोड फुकट.

त्यानंतर वय वजा करावे लागते, कारण तरुण साग झपाट्याने जाड होतो आणि जुन्याची वलये आपोआप बारीक होत जातात. समजा, तरुण वयात एखाद्या झाडाकडून 6 मिलिमीटरची अपेक्षा होती आणि वलय 3 मिलिमीटर भरले. भागाकार 0.5, म्हणजे वर्ष वाईट गेले. त्याच झाडाच्या म्हातारपणी अपेक्षा 1.5 होती आणि वलयही 1.5 भरले, तर भागाकार 1, म्हणजे वर्ष ठीक. नुसत्या नजरेला मात्र पहिले वलय दुसऱ्याच्या दुप्पट जाड दिसते! असे भागाकार सगळ्या झाडांचे काढून सरासरी घेतली की एकेका झाडाचे दुखणे मागे पडते आणि सगळ्यांनी मिळून सोसलेले वर्ष वर येते.

ही मालिका मग हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहतात. नोंदींच्या काही वर्षांवरून नाते बसवायचे आणि बाजूला ठेवलेल्या वर्षांवर ते टिकते का ते तपासायचे. टिकले तरच नोंदींच्या आधीच्या शतकांत जायचे. मध्य भारतातल्या सागाची वाढ पावसाच्या नुसत्या आकड्यापेक्षा ओलाव्याशी अधिक जोडलेली आढळली, आणि ते समजण्यासारखे आहे: तेवढाच पाऊस पडूनही उष्णता जास्त असली तर मुळांच्या वाट्याला कमी पाणी येते. केरळच्या मालिकेत कमी वाढीची बरीच वर्षे दुबळ्या मोसमी पावसाशी आणि एल निनोशी जुळली. थायलंडच्या वायव्येकडील सागात तर अठराव्या शतकाच्या मध्यातला अनेक वर्षे लांबलेला कोरडा काळ दिसला. अयुथ्या राज्य 1767 मध्ये पडले ते याच सुमारास. पडझडीचे कारण दुष्काळच, असे वलये सांगत नाहीत. त्या वर्षांत झाडांना ओलावा कमी मिळाला, एवढीच त्यांची साक्ष.

अतिवृष्टीबद्दल ही साक्ष आणखी कच्ची पडते. गरजेपुरता ओलावा मिळाला की जादा पावसाने वलय त्या प्रमाणात रुंदावत नाही. शिवाय शतके पाहिलेले साग आता फारसे उरलेले नाहीत. जुन्या वाड्यांच्या तुळया उपयोगी पडू शकतात, पण तुळई चौकोनी तासताना सालीलगतची वलये निघून गेलेली असतात. झाड कुठल्या साली तोडले हे मग त्या लाकडावरून नेमके कळत नाही, आणि ते कुठल्या रानातून आले याचा पत्ताही बहुधा लागत नाही.