बाक किती, टीपॉय किती?

लिनियर प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्लाइड्स बहुतेक एकाच क्रमाने सरकतात. आधी आकड्यांचा तक्ता, मग दोन-तीन तिरप्या रेषा, मग मधला रंगवलेला तुकडा आणि शेवटी त्याच्या कोपऱ्यांची यादी. प्रत्येक कोपऱ्यावर नफा काढा, सगळ्यात जास्त येईल तो निवडा. परीक्षेपुरतं एवढं भागतं. पण आत असंख्य बिंदू असताना फक्त कोपरेच का बघायचे, आणि उत्तर हाती आल्यावर मालकाने त्याचं करायचं काय, हे बऱ्याचदा राहून जातं.

समजा, लाकडी सामानाचा एक छोटा कारखाना आहे. तिथे दोनच वस्तू होतात: शाळांसाठी बाक आणि दिवाणखान्यासाठी टीपॉय. एक सुतार, एक पॉलिशवाला. दोघंही आठवड्याला ४८ तास काम करतात आणि दोघांचा पगार ठरलेला आहे. बाकाला सुतारकाम जास्त, ४ तास. पॉलिशचा हात मात्र २ तासांत फिरतो. टीपॉयचं उलट. जोडकाम २ तासांत उरकतं, पण गिऱ्हाईकाला त्यात तोंड दिसायला हवं, म्हणून पॉलिशला ३ तास जातात. मालाचा खर्च वजा जाता बाकामागे ८०० रुपये सुटतात, टीपॉयमागे ५००.

मालकाचा पहिला विचार सरळ असतो: ८०० मोठे, तेव्हा बाकच करू. सुताराच्या ४८ तासांत १२ बाक होतात, ९६०० रुपये मिळतात. पण पॉलिशवाल्याला काम फक्त २४ तासांचं. उरलेला अर्धा आठवडा तो बसून.

आता आलेख काढू. आडव्या अक्षावर बाकांची संख्या x, उभ्या अक्षावर टीपॉयची y. सुताराची अट 4x + 2y ≤ 48. रेष काढायला दोन टोकं पुरतात: नुसते बाक केले तर १२, नुसते टीपॉय केले तर २४. ही दोन टोकं जोडायची. रेषेची कोणती बाजू आपली, हे शून्य बाक आणि शून्य टीपॉय घेऊन बघायचं. काहीच न करणं सुताराला नक्की जमतं, म्हणजे मूळबिंदूकडची बाजू आपली. पॉलिशची अट 2x + 3y ≤ 48. तिची टोकं २४ बाक आणि १६ टीपॉय. दोन्ही रेषांच्या आतला चौकोनी तुकडा म्हणजे या कारखान्याला जमण्यासारख्या सगळ्या आठवड्यांचा नकाशा.

इथे एक ठरलेली चूक होते. रेषा काढताना चार टोकं सापडली, म्हणून चारही कोपरे धरले जातात. मग २४ टीपॉय, १२,००० रुपये, असं सुंदर उत्तर येतं. पण त्यासाठी पॉलिशला ७२ तास लागतील. २४ बाकांचंही तेच. सुताराला ९६ तास हवेत. म्हणून सापडलेला प्रत्येक बिंदू सगळ्या अटींत घालून बघायचा. खरे कोपरे चारच आहेत: मूळबिंदू, १२ बाक, १६ टीपॉय आणि दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू. हा छेद आलेखावर नजरेने वाचू नये, पेन्सिलच्या जाडीएवढा फरकही दगा देतो. दोन समीकरणं सोडवावीत. पहिल्याला दोनने भागलं की 2x + y = 24. ते दुसऱ्यातून वजा केलं की 2y = 24. म्हणजे १२ टीपॉय आणि ६ बाक.

उत्तर कोपऱ्यावरच का मिळतं, ते फूटपट्टीने दिसतं. ४००० रुपये मिळवायचे तर ५ बाक करा, नाहीतर ८ टीपॉय. हे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेवर कुठेही नफा तोच. फूटपट्टी त्या रेषेवर ठेवा आणि तिरपेपणा न बदलता मूळबिंदूपासून दूर सरकवत न्या. प्रत्येक सरकण्याबरोबर नफा वाढतो. फूटपट्टीखालचा बिंदू तुकड्याच्या आत असेल, तर पुढे सरकायला अजून जागा आहे. तो कडेवर असेल, तर कडेने एका बाजूला चालत गेल्यावर नफा वाढतो, आणि कोपरा येईपर्यंत थांबायला काही कारण नसतं. कड फूटपट्टीला अगदी समांतर असेल तेवढाच अपवाद. तेव्हा कडेवरचे सगळेच बिंदू सारखे चांगले, पण त्यांतही तिची दोन टोकं म्हणजे कोपरे आलेच. आपली फूटपट्टी तुकडा सोडताना शेवटी ६ बाक, १२ टीपॉय या कोपऱ्याला टेकते. नफा १०,८०० रुपये.

बाकाचा नफा बदलला तरी हा कोपरा सहजी हलत नाही. टीपॉयचे ५०० कायम ठेवले, तर बाकाचे हजाराच्या पुढे जाईपर्यंत उत्तर हेच. बरोबर हजारावर फूटपट्टी सुताराच्या रेषेला समांतर होते, आणि त्यापुढे १२ बाकांचा कोपरा जिंकतो. म्हणजे अंदाज पन्नास-शंभर रुपयांनी चुकला म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

वस्तू दोनाच्या चार झाल्या की कागदावरचा आलेख संपतो, कोपऱ्यांचा युक्तिवाद मात्र टिकतो. लेनिनग्राडचा गणिती लिओनिद कांतोरोविच अशा प्रश्नांकडे वळला तो प्लायवूड उद्योगाने आणलेल्या एका अडचणीमुळे. त्याची पद्धत १९३९ साली छापली गेली. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिगने १९४७ साली मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत एका कोपऱ्यावरून शेजारच्या जास्त नफ्याच्या कोपऱ्यावर जाते आणि असा शेजारी उरला नाही की थांबते.

मालकाच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. समजा, ओव्हरटाइमचा दर दोघांसाठी तासाला १०० रुपये आहे. तो कोणाला द्यावा? सुताराला ८ तास जास्त दिले की त्याची रेष बाहेर सरकते, नवा छेद ९ बाक आणि १० टीपॉय, नफा १२,२००. म्हणजे तासामागे १७५ रुपयांची भर. तेच ८ तास पॉलिशला दिले तर ४ बाक आणि १६ टीपॉय, नफा ११,२००, तासामागे ५०. आठवडाभर दोघेही सारखेच गुंतलेले दिसतात, पण १०० रुपयांचा ओव्हरटाइम सुताराला परवडतो, पॉलिशला नाही. सरकवलेले तास २ असते, तर छेद ६.७५ बाक आणि ११.५ टीपॉयवर आला असता. अर्धवट बाक पुढच्या आठवड्यात पुरा होत असेल तर बिघडत नाही. पूर्णच माल द्यायचा असेल तर आकडे डोळे मिटून वर नेऊ नयेत: ७ आणि १२ ला सुताराचे ५२ तास लागतात, ७ आणि ११ ला बरोबर ५०.

आता व्यापारी म्हणाला, आठवड्याला १० टीपॉयच उचलीन. आलेखावर एक आडवी रेष वाढते आणि कोपरा ७ बाक, १० टीपॉयवर येतो. नफा १०,६००. पॉलिशची रेष आता तुकड्याला कुठे शिवतही नाही. पॉलिशवाल्याचे ४ तास मोकळे, म्हणून त्याच्या जादा तासाची किंमत शून्य. अकरावा टीपॉय घेणारा दुसरा व्यापारी भेटला, तर मालक म्हणेल, ५०० रुपये वाढले. तसं होत नाही. त्या टीपॉयला सुताराचे २ तास लागतात, म्हणजे अर्धा बाक हातचा जातो, ४०० रुपयांचा. भर पडते १०० ची. नव्या व्यापाऱ्याने नगामागे दीडशे रुपये दलाली मागितली, तर त्याला नाही म्हणणंच बरं.