बीज गोठवताना हिशेब करा

वस्तीतल्या 34 वर्षांच्या एका ताईने आम्हाला विचारले, "लग्न अजून ठरत नाही. पीएफ मोडून बीज गोठवून ठेवू का?" प्रश्न रास्त आहे. पण गोठवलेले बीज म्हणजे ठेवलेले मूल नव्हे.

आधी एएमएच ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करतात. त्यावरून किती बीजे मिळू शकतील याचा अंदाज येतो, बीज चांगले आहे की नाही ते कळत नाही. मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस पोटावर रोज इंजेक्शने घ्यावी लागतात. मधे तीन-चार सोनोग्राफ्या होतात. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे 36 तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजे काढतात. पोट कापावे लागत नाही. बीजे उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात.

नंतर पोट थोडे फुगते. पण पोट झपाट्याने फुगले, वजन एक-दोन दिवसांत वाढले, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. पीसीओएस असलेल्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो.

आता त्या ताईचा हिशेब मांडू. समजा 12 बीजे निघाली. त्यातली 9 पक्व होती, तीच गोठवली. पुढे वितळवताना 7 टिकली. शुक्राणूशी 5 फळली. पाच दिवस वाढून 2 गर्भ तयार झाले. हे दोन्ही गर्भ एकामागून एक वापरले, तर मूल होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे दर दहा बायांतल्या चार-पाच जणींच्या हाती काहीच लागत नाही. हेच 39 व्या वर्षी केले तर बीजे कमी निघतात आणि त्यांतली सदोष बीजेही जास्त असतात. तेव्हा एका फेरीत भागेलच असे नाही.

पैशांचे पाहू. दर शहर आणि दवाखान्यानुसार बदलतात. औषधांसह एक फेरी 2 लाख धरा. ठेवण्याचे भाडे वर्षाला 30 हजार, पाच वर्षांचे दीड लाख. पुढे वितळवून गर्भ सोडायला सव्वा लाख. एकूण पावणेपाच लाख! जाहिरातीत बहुधा पहिलाच आकडा असतो.

2021 च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या केंद्रातच जा. लग्न झालेले नसले तरी चालते. साधारणपणे दहा वर्षांपर्यंतच बीजे ठेवता येतात.

त्या ताईला आम्ही एवढेच सांगितले : आधी एएमएच आणि सोनोग्राफी करून घे. केंद्राला विचार, "माझ्या वयाच्या किती जणींनी इथे गोठवलेली बीजे वापरली आणि किती जणींना मूल झाले?" भाडे आणि पुढचा खर्च लेखी माग. उत्तर टाळले, तर पीएफला हात लावू नकोस.