स्मॉल कॅपची साडेतीन वर्षं

जानेवारी 2018 मध्ये निफ्टी स्मॉलकॅप 100 हा निर्देशांक साडेनऊ हजारांच्या वर होता. मार्च 2020 मध्ये, कोरोनाच्या धास्तीने बाजार कोसळला तेव्हा, तो सव्वातीन हजारांच्या आसपास आला. म्हणजे शिखरावर गुंतवलेल्या लाख रुपयांचे जेमतेम 35 हजार उरले.

पण ही घसरण कोरोनाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. 2018 आणि 2019 ही दोन्ही वर्षं छोट्या कंपन्यांचे शेअर झिजत होते, तर मोठ्या कंपन्यांचा निफ्टी 50 चढतच होता. त्याने जानेवारी 2020 मध्ये नवा उच्चांक गाठला, मग दोन महिन्यांत सुमारे 38 टक्के आपटला आणि त्याच नोव्हेंबरात पुन्हा जुन्या पातळीवर आला. स्मॉल कॅपला जानेवारी 2018 ची पातळी गाठायला 2021 चा मध्य उजाडला.

यामागे साधं गणित आहे. लाखाचे 62 हजार झाले, तर मुद्दल परत यायला सुमारे 61 टक्के वाढ पुरते. 35 हजार झाले, तर रक्कम जवळजवळ तिप्पट व्हावी लागते.

सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यात पहिल्या 100 कंपन्या लार्ज कॅप आणि 251 व्या क्रमांकापासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. या छोट्या कंपन्यांचे शेअर रोज फार हातबदल होत नाहीत. सगळेच विकायला निघाले की घेणारा सापडत नाही आणि भाव धाडकन पडतो. मार्च 2024 पासून फंडांना आपला निम्मा पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील, हे जाहीर करावं लागतं. पहिल्याच वेळी एका मोठ्या स्मॉल कॅप फंडाने 60 दिवस सांगितले. लार्ज कॅप फंडांना हेच काम फार लवकर उरकता येतं.

मग थांबायचं किती? लार्ज कॅप फंडासाठी पाच वर्षांची तयारी बहुतेक वेळा पुरते. स्मॉल कॅपसाठी सात ते दहा वर्षं धरावीत, आणि तीही हमी नव्हे: जानेवारी 2008 चं शिखर पुन्हा गाठायला बीएसई स्मॉलकॅपला 2017 उजाडलं. एसआयपीने हा काळ कमी होतो, कारण पडत्या भावात जास्त युनिट मिळतात. मात्र मार्च 2020 मध्ये दोन वर्षं जुनी एसआयपीही मोठ्या तोट्यातच होती.

त्यामुळे चार वर्षांनी भरायची मुलीची कॉलेज फी स्मॉल कॅपमध्ये ठेवू नये. दहा वर्षांनंतरच्या खर्चासाठी ठेवलेली रक्कमही गरजेच्या दोन-तीन वर्षं आधीपासून, भाव चांगला असताना, टप्प्याटप्प्याने काढून मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात वळवावी.